वाढलेलं कॅल्शियम कोणाचं?

रक्त तपासणाऱ्या लॅबचीही दर महिन्याला तपासणी होते, हे आपल्याला सहसा ठाऊक नसतं. बाहेरची एक संस्था शेकडो लॅबना एकाच सीरमच्या कुप्या पाठवते. त्यात काय किती आहे हे कोणालाच सांगत नाही. प्रत्येक लॅबने ते रोजच्या रुग्णाच्या सॅम्पलसारखंच मशीनवर लावायचं आणि आलेले आकडे कळवायचे. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजची अशी योजना लॅबवाल्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. ‘एनएबीएल’ची मान्यता हवी असेल तर अशा योजनेत भाग घ्यावाच लागतो. काही आठवड्यांनी त्याचा अहवाल येतो आणि अडचण इथूनच सुरू होते, कारण पुष्कळ ठिकाणी तो फाइलला लागतो, वाचला मात्र जात नाही.

तो कसा वाचायचा, हे एका आकड्यावरून पाहू. तालुक्याच्या गावातली एक लॅब घ्या. तिने कॅल्शियम कळवलं १०.० मिलिग्रॅम. तीच पद्धत वापरणाऱ्या बाकीच्या लॅबची सरासरी आली ९.२. म्हणजे फरक ०.८ चा. हा फरक मोठा की छोटा, ते नुसत्या ०.८ वरून कळत नाही. बाकीच्या लॅब आपसांत किती मागेपुढे आहेत, ते आधी बघावं लागतं. त्या मागेपुढे असण्याचं माप म्हणजे प्रमाण विचलन, लॅबच्या भाषेत एसडी. इथे ते होतं ०.२५. आता ०.८ ला ०.२५ ने भागलं की ३.२ येतात. हाच ‘एसडीआय’, प्रमाण विचलन निर्देशांक. आपण सरासरीपासून किती पावलं दूर आहोत ते तो सांगतो, आणि पावलाची लांबी बाकीच्या लॅबनी ठरवलेली असते. अधिक चिन्ह असेल तर आपला आकडा जास्त, वजा असेल तर कमी.

दोनच्या आत असलात तर ठीक. दोन ते तीनमध्ये इशारा. तीनच्या पलीकडे गेलात की अहवालात खूण होते आणि कारण शोधावंच लागतं. वीस तपासण्या कळवणाऱ्या लॅबची एखादी तपासणी केवळ योगायोगानेही दोनच्या बाहेर जाऊ शकते. तीनच्या पलीकडचं मात्र योगायोगावर ढकलता येत नाही.

या निर्देशांकाची एक मर्यादा मला फार महत्त्वाची वाटते. बाकीच्या लॅब बऱ्याच विस्कळीत असत्या आणि एसडी ०.२५ ऐवजी ०.५ असतं, तर याच चुकीचा एसडीआय १.६ आला असता आणि खूणही झाली नसती. रुग्णाच्या रक्तातली चूक मात्र तेवढीच राहिली असती. म्हणून एसडीआयशेजारी टक्क्यांतला फरकही वाचायचा. इथे तो जवळजवळ ९ टक्के आहे आणि कॅल्शियमसाठी तो खूप झाला.

आता शोध. पहिल्यांदा कागद बघायचे. आकडा मशीनवरच्या नोंदीप्रमाणेच कळवला का, दशांश चिन्ह जागेवर आहे का, दुसऱ्या कुपीचा निकाल इथे लिहिला गेला नाही ना, आणि पद्धतीचा कोड बरोबर आहे ना. किट बदललं आणि कोड जुनाच राहिला, तर लॅबची तुलना भलत्याच गटाशी होते. या लॅबमध्ये हे सगळं नीट होतं.

मग कुपी. हे सीरम गोठवून सुकवलेलं असतं. त्यात नेमकं ५ मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर घालून, फेस होऊ न देता हलक्या हाताने विरघळवायचं असतं. पाणी ४.६ मिलिलिटरच पडलं असतं, तर ९.२ चं १०.० झालंच असतं. पण मग सोडियम, युरिया, प्रथिनं, सगळंच त्याच प्रमाणात चढलं असतं. अहवालातले बाकीचे एसडीआय मात्र शून्याच्या आसपास होते. म्हणजे पाण्याचा दोष नाही, दोष कॅल्शियमपुरताच आहे.

तिसरी गोष्ट मागचे महिने. आधीच्या पाच महिन्यांत कॅल्शियमचा एसडीआय अर्ध्याच्या आतबाहेर होता. हळूहळू चढत आला असता तर झिजत चाललेल्या दिव्याकडे किंवा जुन्या होत चाललेल्या रीएजंटकडे बघितलं असतं. इथे एकदम उडी होती. उडी दिसली की मधल्या काळात काय बदललं, हे विचारायचं.

त्याच सीरमचा एक भाग फ्रीझरमध्ये जपून ठेवला होता. तो पुन्हा लावला आणि पुन्हा १०.० च आले. म्हणजे त्या दिवसापुरती घडलेली चूक नव्हे, चूक अजून चालूच होती. मग रीएजंटच्या रजिस्टरमध्ये सापडलं: त्या महिन्याच्या ४ तारखेला कॅलिब्रेटरचा नवा लॉट उघडलेला. मशीन ज्याच्यावरून माप शिकतं, ते द्रावण म्हणजे कॅलिब्रेटर. प्रत्येक लॉटबरोबर त्याच्या किमतींचा कागद येतो आणि ते आकडे मशीनमध्ये भरायचे असतात. जुन्या लॉटमध्ये कॅल्शियम ९.९ होतं, नव्यात ९.१. बाकीच्या सगळ्या ओळी बदलल्या होत्या, कॅल्शियमची एक ओळ राहून गेली होती. ९.१ च्या द्रावणाला मशीन ९.९ समजत होतं आणि प्रत्येक रुग्णाचं कॅल्शियम त्याच प्रमाणात फुगवत होतं.

रोज सकाळी लावलेल्या कंट्रोलने हे का सांगितलं नाही? सांगितलं होतं. कंट्रोलची अपेक्षित किंमत ९.३, आणि ४ तारखेपासून रोज १०.१ च्या आसपास. पण लॅब कंपनीच्या कागदावर छापलेली मर्यादा वापरत होती, ८.४ ते १०.२. ती अनेक मशीनना सामावून घ्यायची म्हणून ऐसपैस असते. लॅबचं स्वतःचं एसडी ०.२ होतं. त्यावरून मर्यादा आखली असती तर ९.७ च्या वर गेलेला पहिलाच ठिपका खटकला असता. तीही नसली, तरी तक्त्यावरचे सगळेच्या सगळे ठिपके मधल्या रेषेच्या वरच बसलेत, हे नुसत्या डोळ्यांनाही दिसलं असतं.

९.१ भरून पुन्हा कॅलिब्रेशन केलं, जपलेलं सीरम तिसऱ्यांदा लावलं, ९.२ आले. पुष्कळ लॅब इथे थांबतात. माझ्या मते खरं काम इथून पुढे आहे, कारण ४ तारखेपासून अहवाल येईपर्यंत पाच आठवडे गेले होते आणि तेवढ्या दिवसांत रुग्णांचे रिपोर्ट गेले होते. लॅबच्या रिपोर्टवर कॅल्शियमची सामान्य मर्यादा होती ८.५ ते १०.५. ज्याचं खरं ९.९, त्याच्या हातात १०.८ चा कागद पडला. त्याला कदाचित पॅराथायरॉइडची महागडी तपासणी सांगितली गेली असेल. तो निदान पुन्हा तपासायला तरी येतो. ज्याचं खरं ८.० होतं, त्याला ८.७ मिळाले, आणि तो निर्धास्त घरी गेला.

म्हणून यादी दोन्ही बाजूंनी काढावी लागते: १०.५ च्या वरचे सगळे, आणि ८.५ ते ९.२ मधलेही सगळे. ज्यांची सॅम्पल्स अजून फ्रिजमध्ये आणि वापरण्याजोगी होती, ती पुन्हा लावून सुधारित रिपोर्ट दिले. बाकीच्यांच्या डॉक्टरांना फोन केले आणि पैसे न घेता पुन्हा रक्त घेतलं. मग काय झालं, कशामुळे, काय केलं, हे सगळं तारखांसह लिहून पॅथॉलॉजिस्टने सही केली. नव्या लॉटच्या किमती यापुढे एकाने भरायच्या, दुसऱ्याने कागद समोर ठेवून ताडून बघायच्या, असं ठरलं, आणि कंट्रोलच्या मर्यादा लॅबच्या स्वतःच्या एसडीवरून नव्याने आखल्या गेल्या. पुढच्या महिन्याच्या अहवालात कॅल्शियमसमोर ०.१ होतं.