हॉलच्या फोटोवरून मुलाचा खेळायचा कोपरा

एक ते तीन वर्षांच्या मुलासाठी हॉलमध्ये खेळायचा कोपरा करायचा असेल, तर पहिले काम हॉलचे दोन फोटो काढण्याचे. एक फोटो दारात उभे राहून काढावा. दुसरा खाली बसून, मोबाइल जमिनीपासून साधारण दीड फुटावर धरून काढावा. रोजच्या वावरात नजरेआड झालेल्या वस्तू फोटोत वेगळ्या दिसू लागतात, आणि खालून काढलेल्या फोटोत मुलाच्या हाताला काय लागेल तेही कळते.

समजा, हॉल 10 बाय 14 फुटांचा आहे. दारातून काढलेल्या फोटोत डावीकडे सोफा, त्याच्यासमोर काचेचा टीपॉय, उजवीकडे टीव्ही युनिट आणि समोर गॅलरीचे दार आहे. मोकळ्या जागा दोन दिसतात: टीव्ही युनिटच्या बाजूला आणि सोफ्याच्या पलीकडे, स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. खालून काढलेल्या फोटोत मात्र टीव्ही युनिटखालचा एक्स्टेंशन बोर्ड आणि लोंबणाऱ्या वायरी दिसतात. शिवाय युनिटचे उघडे ड्रॉवर मुलाला पायऱ्यांसारखे वापरता येतात आणि त्या वजनाने टीव्ही पुढे कलंडू शकतो. त्यामुळे सोफ्यापलीकडची जागा निवडावी. ती येण्याजाण्याच्या वाटेवर नाही आणि स्वयंपाकघरातून नजरेत राहते. टीव्ही युनिट तरीही क्लॅम्पने भिंतीला पक्के करावे, कारण मूल कोपऱ्यातच बसून राहणार नाही.

आता फोटोवर पेनने खुणा कराव्यात. टीपॉय साधारण 16 इंच उंच असतो आणि वर्षभराच्या मुलाची उंची अडीच फुटांच्या आसपास असते. उभे राहताना टीपॉय त्याच्या पोटाशी-छातीशी येतो, पण तोल जाऊन पुढे पडताना कपाळ किंवा तोंड नेमके त्याच्या कडेवर आपटू शकते. काही महिने टीपॉय दुसऱ्या खोलीत ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. ते शक्य नसेल तर चारही कोपऱ्यांना फोमचे कॉर्नर गार्ड आणि कडांना फोमची पट्टी लावावी. आधी कड साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करावी, कारण तेलकट काचेवर चिकटपट्टी धरत नाही. गार्ड दाबून लावल्यावर एक दिवस तसाच राहू द्यावा आणि मग नखाने ओढून पाहावा. तो सुटत असेल तर नसलेला बरा, कारण सुटलेला छोटा गार्ड मुलाच्या तोंडात जाऊन घशात अडकू शकतो. गार्डने आघात कमी होतो, पण काच फुटण्याचा धोका त्याने जात नाही.

सॉकेटच्या भोकात मुलाचे बोट सहसा जात नाही, पण हेअरपिन किंवा खिळा जातो. शटर असलेल्या सॉकेटमध्ये वरची जाड, लांब अर्थिंगची पिन आत गेल्याशिवाय खालची दोन भोके उघडत नाहीत. निवडलेल्या कोपऱ्याजवळ भिंतीत खाली सॉकेट असेल तर इलेक्ट्रिशियनकडून असे सॉकेट बसवून घ्यावे. प्लास्टिकची टोपणे स्वस्त असतात, पण ती ढिली असली तर मूलच ती काढते. शिवाय मोठी माणसे प्लग लावताना टोपण काढतात आणि परत लावायला विसरतात. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर न ठेवता युनिटच्या मागच्या बाजूला उंचावर स्क्रूने बसवावा. मेन बोर्डमध्ये 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का, हेही पाहावे. एमसीबी शॉर्ट सर्किट किंवा जादा लोडला पडते. शरीरातून जमिनीकडे जाणारा थोडासा प्रवाह तिला कळत नाही. तो ओळखून वीज तोडण्याचे काम आरसीसीबी करते. तिच्यावर ‘टेस्ट’ बटण असते. ते दाबल्यावर ती पडली नाही, तर ती बदलून घ्यावी.

शेवटी मॅट. 2 बाय 2 फुटांचे, एकमेकांत अडकणारे सहा फोमचे तुकडे जोडले की 4 बाय 6 फुटांची जागा झाकली जाते. अक्षरे किंवा आकडे सुटे निघणारे तुकडे घेऊ नयेत. तेही तोंडात जातात. नव्या मॅटला उग्र वास येत असेल तर वास जाईपर्यंत ती गॅलरीत पसरून ठेवावी. गुळगुळीत टाइल्सवर मॅट सरकते का, हे एका कडेवर पाय ठेवून ढकलून पाहावे. सरकत असेल तर दोन बाजू भिंतींना टेकवून खाली जाळीदार रबर घालावे. पुसलेली फरशी पूर्ण वाळल्याशिवाय मॅट अंथरू नये. आठवड्यातून एकदा ती उचलून खालून पाहावी, कारण पावसाळ्यात अडकलेल्या ओलीने काळी बुरशी धरते. बसल्या-चालताना पडले तर मॅटने मार कमी लागतो. सोफ्यावरून डोक्यावर पडल्यास तिचा भरवसा धरता येत नाही. म्हणून मॅट सोफ्यापासून थोडी दूर असावी आणि उशा रचून चढायला पायरी होणार नाही, हे पाहावे.

सगळे लावून झाले की पुन्हा दीड फुटावरून फोटो काढून खुणा केलेल्या फोटोशेजारी ठेवावा. जी खूण अजून तशीच दिसते, ते काम बाकी आहे. मूल सोफ्यावर चढू लागले की त्याचा हात आणखी वर पोहोचतो. तेव्हा हाच फोटो तीन फुटांवरून काढावा.