पंप बदलल्यानंतर हायड्रॉलिक यंत्रणेचे फ्लशिंग : तेल स्वच्छ झाले, हे कसे ठरवावे?

जबलपूर परिसरात भाताची कापणी प्रामुख्याने ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तर गव्हाची मार्च-एप्रिलमध्ये होते. या मोजक्या दिवसांत कंबाईन हार्वेस्टरचा हायड्रॉलिक पंप निकामी झाला, तर नवा पंप बसवून आणि तेल बदलून यंत्र तातडीने शेतात नेण्याकडे कल असतो. असा नवा पंपही पुष्कळदा अल्पावधीत निकामी होतो. याचे एक प्रमुख कारण म्हणजे जुन्या पंपाचा धातुकीस यंत्रणेतच राहिलेला असतो.

कीस कोठे दडतो?

चिखलात चालणाऱ्या क्रॉलर कंबाईनच्या हायड्रोस्टॅटिक चालनात पंप आणि मोटर बंद वर्तुळात जोडलेले असतात. मोटरमधून परतणारे तेल टाकीत न जाता थेट पंपात येते आणि अनेक यंत्रांत या मुख्य वर्तुळावर फिल्टर नसतो. त्यामुळे पंपातून सुटलेला पितळी व पोलादी कीस प्रथम मोटरमध्ये जातो आणि तेथून परत येतो. म्हणून पंप फुटला असेल, तर मोटर उघडून तपासल्याशिवाय दुरुस्ती पूर्ण मानू नये. कीस साठण्याची दुसरी जागा म्हणजे तेलाचा कूलर. त्याच्या अरुंद मार्गांतील कीस पूर्णपणे निघेल याची खात्री देता येत नाही. म्हणून मोठा बिघाड झाल्यास कूलर बदलणे श्रेयस्कर.

लक्ष्य कसे ठरवावे?

तेलाची स्वच्छता आयएसओ ४४०६ या मानकानुसार तीन क्रमांकांनी सांगतात. एक मिलिलिटर तेलात ४, ६ आणि १४ मायक्रॉनपेक्षा मोठे कण किती आहेत, हे ते अनुक्रमे दर्शवितात. १८/१६/१३ याचा अर्थ असे कण अनुक्रमे १३०० ते २५००, ३२० ते ६४० आणि ४० ते ८० आहेत. क्रमांक एकाने वाढला की कणसंख्येची मर्यादा सुमारे दुप्पट होते. म्हणजे २२/२०/१७ असे तेल १८/१६/१३ पेक्षा साधारण सोळापट मलिन असते. पिस्टन पंपासाठी १८/१६/१३ हे सर्वसाधारण लक्ष्य मानतात. तथापि निर्मात्याच्या पुस्तिकेतील क्रमांक प्रमाण मानावा. फ्लशिंगचे लक्ष्य त्याहून एक-दोन क्रमांकांनी कडक ठेवावे. पिंपातील नवे तेलही या कसोटीला उतरेलच असे नाही, म्हणून ते फिल्टरमधून गाळूनच भरावे.

फ्लशिंगची पद्धत

१. तेल गरम असतानाच पूर्ण काढावे. जुना फिल्टर कापून त्यातील कीस पाहावा. टाकी उघडून धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी.

२. पंप व मोटर वगळून त्यांचे होज परस्परांना जोडावेत आणि बाहेरील फ्लशिंग संचाने तेल फिरवावे. या कामासाठी नवा पंप वापरू नये. सर्व कीस प्रथम त्याच्यातूनच जाईल.

३. सिलिंडरमधील तेल आपोआप बदलत नाही. सिलिंडरचे होज सोडवून ते तेल वेगळे काढावे.

४. संचावर सूक्ष्म फिल्टर असावा आणि तो तुंबताच बदलावा.

तेल केवळ फिरणे पुरेसे नाही. त्याचा प्रवाह खळाळता हवा. प्रवाह संथ असेल तर नळीच्या भिंतीलगतचे तेल जवळजवळ स्थिर राहते आणि तेथील कीस हलत नाही. उदाहरणार्थ, २५ मिलिमीटर आतील व्यासाच्या होजमध्ये ४६ श्रेणीचे तेल ४० अंश सेल्सियसला असेल, तर खळाळता प्रवाह मिळण्यास मिनिटाला सुमारे २१७ लिटर तेल लागेल. तेच तेल ६० अंशांना पातळ झाल्यावर सुमारे १०० लिटर पुरतात. अर्थात तेल तापवले, तर निम्म्याहून लहान संचाने काम भागते.

नमुना आणि त्याच्या मर्यादा

नमुना तेल वाहत असताना, फिल्टरच्या आधीच्या परतीच्या नळीवरून घ्यावा. प्रथम थोडे तेल टाकून द्यावे व नंतर स्वच्छ बाटली भरावी. टाकीच्या तळातून घेतलेला नमुना दिशाभूल करतो. लागोपाठ दोन नमुने लक्ष्यात बसले की फ्लशिंग थांबवावे.

मात्र केवळ क्रमांकावर विसंबू नये. कणमोजणी यंत्र पाण्याचे थेंब व हवेचे बुडबुडेही कण म्हणून मोजू शकते. उलट, मोठे कण संख्येने अत्यल्प असल्याने क्रमांक चांगला असूनही पंपाला घातक तुकडे यंत्रणेत राहू शकतात. म्हणून फ्लशिंगच्या शेवटी फिल्टर उघडून पाहावा. त्यात चकाकणारा कीस दिसला, तर फ्लशिंग पुढे चालू ठेवावे.

त्यानंतर नव्या पंपाच्या आवरणात गाळलेले तेल भरून इंजिन मंद गतीवर, भाराविना चालवावे. सुमारे ५० तासांनी फिल्टर बदलून पुन्हा नमुना तपासावा. क्रमांक पुन्हा वर चढू लागला, तर पंप किंवा मोटरची झीज सुरू झाली आहे अथवा बाहेरून धूळ शिरत आहे, असे समजून यंत्र थांबवून तपासावे.