टॅलीचा बॅकअप आहे, पण तो पुरा आहे का?

बेळगाव : पेन ड्राइव्हवर बॅकअप घेतला की काम झालं, असं बरेच दुकानदार धरून चालतात. तो कामाचा आहे की नाही, हे मात्र रिस्टोअर करून पाहिल्यावरच कळतं.

समजा, एका हार्डवेअर दुकानाने शनिवारी रात्री बॅकअप घेतला आणि टॅलीप्राइमच्या Statistics रिपोर्टमधला विक्री व्हाउचरचा आकडा कागदावर उतरवला : १,८४२. रविवारी दुसऱ्या कॉम्प्युटरवर Alt+Y दाबून Restore केलं. (त्याच कॉम्प्युटरवर करायचं तर फोल्डर वेगळा द्या, नाहीतर चालू हिशेबावर जुना डेटा बसेल.)

कंपनी उघडली, ट्रायल बॅलन्स जुळला. पण व्हाउचर निघाली १,७९६. शेवटचं बिल शुक्रवारचं. पेन ड्राइव्हवर शुक्रवारचीच फाइल राहिली होती. शनिवारची ४६ बिलं त्यात नव्हती. ट्रायल बॅलन्समध्ये हे दिसत नाही, कारण बिल गेलं की त्याची नावे आणि जमा दोन्ही बाजू एकदमच जातात. म्हणून ताळा कागदावरच्या आकड्याशी घ्यायचा.

वेळही मोजा. घड्याळ कॉम्प्युटर बंद पडला तिथून सुरू, पहिलं बिल छापलं की बंद. रिस्टोअर ६ मिनिटांत झालं तरी टॅली टाकणं, लायसन्स चालू करणं, प्रिंटर जोडणं यात दोन तास जाऊ शकतात. लायसन्सशिवाय टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडतं आणि ठराविक तारखांच्याच नोंदी घेतं. हे सोमवारी गिऱ्हाईक समोर असताना कळण्यापेक्षा रविवारी कळलेलं बरं.