यादीत मेल आहे, आत मजकूर नाही

जुलैचा शेवटचा आठवडा आहे आणि साताऱ्यातल्या एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात प्राप्तिकर विवरणपत्रांची धांदल चालू आहे, असं समजा. अशिलाने पाठवलेला मेल मॅकवर उघडला, तर पाठवणाऱ्याचं नाव दिसतं, विषय दिसतो, तारीख दिसते. खाली मात्र पांढरी पाटी. आणखी दोन-चार मेल उघडले तरी तेच. एकावर तर मजकूर सर्व्हरवरून उतरलाच नाही, खातं ऑनलाइन करा, अशी इंग्रजी सूचना झळकते. खातं तर ऑनलाइनच आहे. गंमत म्हणजे तेच मेल फोनवर व्यवस्थित उघडतात.

अशा वेळी कुणीतरी हमखास सांगतं, "मेनूत जा आणि Rebuild करून टाक." सल्ला चुकीचा नसतो. पण या एका क्लिकने मॅकवर नेमकं काय घडतं, हे कळलं की ती कधी करावी आणि कधी अजिबात करू नये, हेही कळतं.

मॅकच्या मेल अॅपमध्ये मेलची यादी आणि मेलचा मजकूर एकाच जागी नसतो. पाठवणारा, विषय, तारीख, वाचलं की नाही, या साऱ्या नोंदी Envelope Index नावाच्या एका डेटाबेसमध्ये असतात. प्रत्यक्ष पत्रं .emlx प्रकारच्या वेगवेगळ्या फायलींमध्ये साठवलेली असतात. ग्रंथालयात कपाटातलं कार्ड वेगळं आणि फडताळावरचं पुस्तक वेगळं, तसंच हे. खिडकीत दिसते ती यादी कार्डांवरून. कार्ड शाबूत असेल आणि फाइल अर्धवट उतरली असेल किंवा बिघडली असेल, तर विषय दिसतो आणि मजकूर दिसत नाही. मेल उतरत असताना नेट तुटणं, मॅक अचानक बंद पडणं, डिस्क काठोकाठ भरणं, ही त्यामागची नेहमीची कारणं.

आता Rebuild. खातं आयमॅप किंवा एक्स्चेंज प्रकारचं असेल, तर मेल अॅप त्या मेलबॉक्सची मॅकवरची पत्रं आणि जोडफायली टाकून देतं आणि सगळं सर्व्हरवरून नव्याने आणतं. म्हणजे इथे दुरुस्ती होत नाही, अदलाबदल होते. सर्व्हरवरची प्रत खरी मानली जाते आणि मॅकवरची रद्द होते.

म्हणून पहिली पायरी मेल अॅपमध्ये नाही, ब्राउझरमध्ये आहे. वेबमेलवर जाऊन तोच कोरा मेल उघडून पाहायचा. तिथे मजकूर आणि जोडफाइल दोन्ही असतील, तर Rebuild करायला हरकत नाही. तिथे मेलच नसेल, तर थांबायचं. जुनी नोकरी सुटली, कंपनीने सर्व्हरवरचं खातं बंद केलं, पण मॅकवर त्या काळचा पत्रव्यवहार अजून दिसतो, अशा मेलबॉक्सची एकमेव प्रत मॅकवरच असते. जुन्या पॉप खात्यांचंही तसंच, कारण त्यात मेल उतरल्यानंतर काही दिवसांनी सर्व्हरवरून काढून टाकण्याची सोय असते. अशा खात्यांना हात लावण्याआधी टाइम मशीनचा बॅकअप तरी हवा, नाहीतर Mailbox मेनूतल्या Export Mailbox ने त्या मेलबॉक्सची प्रत बाजूला काढलेली हवी.

दुसरी खातरजमा मेलचीच. कोरा मेल निवडून View मेनूत Message आणि मग Raw Source उघडलं, की मेलचा कच्चा मजकूर समोर येतो. वरच्या नोंदींनंतर काहीच नसेल, तर मजकूर उतरलेला नाही. खाली भलामोठा मजकूर असेल, तर मेल मॅकवर पोहोचलेला आहे आणि अडचण दाखवण्यात आहे. जाहिरातींच्या पत्रकांत असं बरेचदा होतं. त्यांचा सगळा ऐवज चित्रांत असतो आणि ती चित्रं बाहेरच्या सर्व्हरवरून यायची असतात. व्हीपीएनमुळे किंवा गोपनीयतेच्या सेटिंगमुळे ती अडली, तर Rebuild कितीदाही केलं तरी उपयोग नाही.

साताऱ्याच्या कार्यालयात वेबमेलवर सगळं जागेवर आहे आणि Raw Source मध्ये फक्त वरच्या नोंदी आहेत. तेव्हा पुढे जायला हरकत नाही. डाव्या पट्टीत All Inboxes वर क्लिक न करता तिच्याखालचा त्या खात्याचा नेमका इनबॉक्स निवडायचा, Mailbox मेनू उघडायचा आणि तळाशी असलेलं Rebuild दाबायचं.

यानंतरचा क्षण घाबरवणारा असतो. इनबॉक्स रिकामा दिसू लागतो. मेल पुन्हा उतरेपर्यंत तो तसाच राहणार, हे माहीत नसलेली माणसं इथेच अॅप जबरदस्तीने बंद करतात आणि उघडून पुन्हा Rebuild दाबतात. उतरवण्याचं काम परत पहिल्यापासून सुरू होतं. त्यापेक्षा Window मेनूतलं Activity उघडून ठेवावं. काम चालू आहे की अडलं आहे, ते तिथे कळतं.

किती वेळ लागेल, हे मेलबॉक्सच्या आकारावर आणि नेटवर ठरतं. कार्यालयाच्या इनबॉक्समध्ये 6 जीबी मेल आहेत आणि नेट फोनच्या हॉटस्पॉटवरून, रोज 2 जीबीच्या पॅकवर चालतं, असं धरलं तर तीन दिवस गेले. नेट चांगलं असूनही अडचण येऊ शकते. गूगलच्या वर्कस्पेस खात्यांना आयमॅपने दिवसाला 2,500 एमबी एवढंच उतरवता येतं. तिथेही 6 जीबीला तिसरा दिवस उजाडणार. विवरणपत्राची मुदत परवावर आली असेल, तर तातडीचे मेल वेबमेलवर वाचावेत आणि Rebuild मुदतीनंतर करावं. ते करताना डिस्कवर पुरेशी जागा आहे ना, हेही पाहून घ्यावं, कारण डिस्क भरलेली असेल तर नवे मेलही अर्धवटच उतरतील.

काम संपलं की वेबमेलवरची मेलची संख्या आणि मॅकवरची संख्या ताडून पाहावी. एखाद्या जुन्या मेलची जोडफाइल उतरलेली दिसली नाही, तर तो लगेच बिघाड समजू नये. खात्याच्या सेटिंगमध्ये जोडफायलींसाठी Recent निवडलेलं असेल, तर मॅक आपणहून फक्त गेल्या 15 महिन्यांतल्या जोडफायली उतरवतो. तिथे All निवडता येतं.

एवढं करूनही मेल कोरेच राहिले किंवा अनेक मेलबॉक्समध्ये तोच प्रकार असला, तर संशय कार्डांच्या कपाटावर, म्हणजे Envelope Index वर जातो. त्यासाठी मेल अॅप पूर्ण बंद करून फाइंडरच्या Go मेनूतल्या Go to Folder मध्ये हा पत्ता टाकायचा:

```
~/Library/Mail
```

तिथे V आणि एक आकडा अशा नावाचं फोल्डर असतं. व्हेंचुरापासून ते V10 आहे. अनेक असतील तर सर्वांत मोठ्या आकड्याचं घ्यावं. त्याच्या आतल्या MailData मध्ये Envelope Index ने सुरू होणाऱ्या फायली असतात. त्या पुसायच्या नाहीत, फक्त डेस्कटॉपवर हलवायच्या. अॅप पुन्हा उघडलं, की ते मॅकवरच्या .emlx फायली वाचून नवी सूची तयार करतं. मेलचा ढीग मोठा असेल तर यालाही बराच वेळ लागतो. सगळं ठीक दिसलं, की डेस्कटॉपवरच्या जुन्या फायली टाकून देता येतात.

एखादाच मेल यानंतरही कोरा राहिला आणि वेबमेलवरही तो कोराच दिसला, तर तो मॅकपर्यंत पोहोचण्याआधीच रिकामा होता. त्याची सोडवणूक कुठल्याही मेनूत नाही. अशिलाला फोन करून तो मेल पुन्हा पाठवायला सांगावा लागतो.