चार गुणांची साखर

शरीरक्रियाशास्त्राच्या परीक्षेतला नेहमीचा प्रश्न: रक्तातली साखर १०० मिलिलिटरमागे ४०० मिलिग्रॅम झाली, तर लघवी का वाढते?

मूत्रपिंडात मिनिटाला साधारण १२५ मिलिलिटर द्रव गाळला जातो. त्याबरोबर ५०० मिलिग्रॅम साखर नलिकांत उतरते. हा पहिला गुण. नलिकांतली वाहक प्रथिने मिनिटाला जास्तीत जास्त सुमारे ३७५ मिलिग्रॅमच परत घेतात, हा दुसरा. उरलेली १२५ मिलिग्रॅम लघवीत जाते, हा तिसरा. ही साखर परासरणाने पाणी नलिकेतच धरून ठेवते, म्हणून लघवी वाढते, हा चौथा.

‘मूत्रपिंड बिघडले’ या उत्तराला गुण नाही. ते धडधाकट आहे, वाहक अपुरे पडले. प्रत्यक्षात साखर १८० च्या आसपासच लघवीत दिसू लागते, कारण सगळ्या नलिकांची क्षमता सारखी नसते.