नक्कल बिनचूक उतरली का?

एका हार्ड डिस्कवरून दुसरीवर लाखभर फाइली उतरवल्या, पडद्यावर कसलीही चूक दिसली नाही, फाइलींची संख्या आणि एकूण आकारही जुळला, तरी त्यांतली एखादी फाइल आतून बिघडलेली असू शकते. कॉपी करणारा प्रोग्राम जुन्या डिस्कवरून वाचतो, वाचलेले मेमरीत ठेवतो आणि तिथून नव्या डिस्ककडे पाठवतो. या वाटेवर सदोष मेमरीने किंवा डिस्कच्या डब्यातल्या खराब चिपने एखादा बिट उलटवला, तर प्रोग्रामला पत्ता लागत नाही. हाती आले तेच तो लिहितो. जेपीईजी फोटोत अशा एका बिटाने तिथून खालचा भाग करडा किंवा भलत्याच रंगाचा होऊ शकतो, पण आकार एका बाइटनेही बदलत नाही. म्हणून फोल्डरचा आकार ताडून पाहणे ही पडताळणी नव्हे.

त्यासाठी फाइलीतला प्रत्येक बाइट वाचावा लागतो आणि हेच काम चेकसम करतो. एसएचए-२५६ या पद्धतीत फाइल केवढीही असो, तिच्यावरून ६४ अंक-अक्षरांची एक ओळ निघते. फाइल तीच असेल तर ओळ तीच. एक बिट जरी बदलला तरी ओळ ओळखू येणार नाही इतकी बदलते. दोन वेगळ्या फाइलींची ओळ योगायोगाने सारखी निघण्याची भीती व्यवहारात धरायचे कारण नाही.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओची १ टेराबाइटची जुनी डिस्क नव्या डिस्कवर उतरवायची आहे, असे समजू. लिनक्सवर आधी जुन्या डिस्कच्या फोल्डरमध्ये जाऊन सगळ्या फाइलींची यादी करतात:

```
find . -type f -print0 | xargs -0 sha256sum > ~/yadi.sha256
```

यादी मुद्दाम त्या डिस्कबाहेर ठेवलेली आहे, नाहीतर ती अर्धवट लिहिली जात असताना स्वतःचीच नोंद करून बसते. सेकंदाला १५० मेगाबाइट वाचणाऱ्या डिस्कवर या कामाला दोन तासांच्या आसपास लागतात. मग कॉपी करून नव्या डिस्कवरच्या त्याच फोल्डरमधून यादी तपासायची:

```
sha256sum -c --quiet ~/yadi.sha256
```

सर्व जुळले तर पडद्यावर काहीच उमटत नाही. न जुळलेल्या फाइलीच्या नावापुढे `FAILED` येते, न सापडलेलीपुढे `FAILED open or read`. मात्र या शांततेवर विसंबण्याआधी यादी पूर्ण आहे ना, हे पाहायला हवे. जुन्या डिस्कवरची जी फाइल वाचताच आली नाही, तिची ओळ यादीत नसतेच आणि पुढे तिची कोणी चौकशीही करत नाही. यादीतल्या ओळी आणि मूळ फाइलींची संख्या म्हणूनच ताडून घ्यावी.

सर्वांत फसवी चूक घाईची असते. नुकतेच लिहिलेले काही गिगाबाइट संगणक मेमरीत राखून ठेवतो. कॉपी संपताच पडताळणी केली, तर तो भाग डिस्कवरून न वाचता मेमरीतूनच दिला जातो. डिस्कवर प्रत्यक्ष काय लिहिले गेले, हे तपासलेच जात नाही. नवी डिस्क रीतसर अनमाउंट करून, काढून, पुन्हा जोडावी आणि मगच तपासावी.

`FAILED` दिसले की लगेच नव्या डिस्कला दोष देऊ नये. त्या एका फाइलीचा चेकसम दोन्हीकडे दोन-तीनदा काढावा. नव्या डिस्कवर दरवेळी तीच चुकीची ओळ आली आणि मूळ फाइलीची ओळ यादीशी जुळली, तर नक्कल बिघडली आहे. ती फाइल पुन्हा उतरवावी. दरवेळी वेगळीच ओळ आली, तर दोष वाचण्यात, म्हणजे मेमरीत, केबलमध्ये किंवा जोडणीत आहे. मेमरी तपासल्याशिवाय पुढे कॉपी करू नये. फोटो सांभाळणाऱ्या प्रोग्रामची नोंदवही दरम्यान कोणी उघडली असेल, तर ती फाइल रास्त कारणानेही बदललेली असते.

मराठी नावांच्या फाइलींत आणखी एक अडचण येते. ‘वऱ्हाड’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका संकेताने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांनीही. मॅकची जुनी एचएफएस प्लस पद्धत नावे दुसऱ्या रीतीने साठवते. त्या डिस्कवरून लिनक्सकडे आलेली फाइल डोळ्यांना तीच दिसते, पण यादीतल्या नावाशी जुळत नाही आणि न सापडलेली ठरते. इथे फोटो शाबूत असतो, फरक नावात असतो.

चेकसमची मर्यादाही ठरलेली आहे. यादी करण्याआधीच जुन्या डिस्कवर फोटो बिघडलेला असेल, तर त्या बिघडलेल्या फोटोचीच ओळ निघते आणि नक्कल निमूट जुळते. म्हणून यादी पहिल्या कॉपीच्या वेळीच करून नव्या डिस्कसोबत जपावी. नवी डिस्क पुन्हा जोडून केलेली तपासणी एकही नाव न दाखवता संपेपर्यंत जुनी डिस्क पुसू नये.