हसू सरळ करताना

लग्नाच्या अल्बमसाठी वधूचा जवळून घेतलेला एक फोटो आहे, असं धरू. ती मनापासून हसते आहे, पण फोटोत डावीकडे दिसणारा ओठांचा कोपरा उजवीकडच्यापेक्षा खाली राहिला आहे. फोटोशॉपमध्ये हे हसू सावरायचं, पण हावभाव बदलू द्यायचा नाही.

आधी दोन्ही बाहुल्यांमधून एक रेषा काढावी. मान कललेली असली की ओठही कललेले दिसतात आणि तो दोष हसण्याचा नसतो. इथे ओठांची रुंदी 300 पिक्सेल आहे आणि डोळ्यांच्या रेषेच्या तुलनेत कोपऱ्यांत 12 पिक्सेलचा फरक आहे.

सहज हात जातो तो खालचा कोपरा वर उचलण्याकडे. पण एकच कोपरा उचलला की हसू वाढतं, आणि वरचाच खाली ओढला तर ते मावळतं. म्हणून खालचा कोपरा 3 पिक्सेल वर आणि वरचा 3 पिक्सेल खाली घ्यावा. हसू होतं तेवढंच राहतं आणि फरक 6 वर येतो. तो पूर्ण मिटवायचा नाही, कारण कुणाचाच चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो. Liquify मधला Smile हा स्लायडर इथे उपयोगाचा नाही. तो दोन्ही कोपरे एकदमच हलवतो.

थर आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करून घ्यावा, म्हणजे नंतर फेरबदल करता येतात. मग Freeze Mask ने नाक आणि पुढचे दात झाकावेत. Forward Warp चा ब्रश साधारण अर्ध्या ओठाएवढा, म्हणजे 150 पिक्सेलचा, आणि Pressure 20 च्या आसपास ठेवावं. ब्रशचा मध्य कोपऱ्याच्या किंचित बाहेर, गालावर ठेवून हळूहळू ढकलावं. खरं हसू ओठांपुरतं नसतं. कोपरा वर खेचणारा स्नायू गालाच्या हाडापासून येतो, त्यामुळे कोपऱ्याबरोबर गाल आणि नाकापासून ओठांकडे उतरणारी वळीही सरकते. लहान ब्रशने नुसता कोपरा उचलला तर वळी जागच्या जागी राहते आणि हसू चिकटवल्यासारखं दिसतं.

काम झालं की फोटो आडवा उलटा करून पाहावा. सरावलेल्या नजरेला न दिसलेला तिरकेपणा तेव्हा लगेच जाणवतो. दातांच्या कडा वाकल्या असतील किंवा गालावरच्या त्वचेची छिद्रं ताणलेली दिसत असतील, तर ओढ जास्त झाली आहे. तेवढ्या जागी Reconstruct चा ब्रश फिरवून ती कमी करावी.

एका बाजूला दात उघडे आणि दुसरीकडे झाकलेले असतील, तर हा उपाय चालत नाही. लिक्विफाय असलेले पिक्सेल सरकवतं, ओठांमागचे दात ते आणू शकत नाही. अशा वेळी त्याच क्षणाच्या आसपास टिपलेला दुसरा फोटो निवडावा. आणि जन्मापासून किंवा आजारपणामुळे कुणाचं हसू तिरकंच असेल, तर त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय ते सरळ करू नये.